प्रकल्प पास की नापास? आधी कागदावर ठरवा

कतारमध्ये दरवर्षी १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी ३:३० उघड्यावर काम करायला बंदी असते, हे इथल्या वाचकांना माहीत आहेच. पण २०२१ सालच्या १७ क्रमांकाच्या मंत्रालयीन निर्णयात आणखी एक अट आहे, तिची चर्चा कमी होते. डब्ल्यूबीजीटी नावाचा उष्णतेचा निर्देशांक ३२.१ अंश सेल्सियसच्या वर गेला, तर घड्याळात कितीही वाजलेले असोत, काम थांबवायचे.

समजा, बारावीतल्या किंवा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षातल्या मुलांनी ठरवले की हा निर्देशांक मोजून भोंगा वाजवणारे स्वस्त यंत्र बनवायचे. विषय उत्तम आहे. प्रस्तावात बहुधा असे लिहिलेले असते: 'यंत्र अचूक, स्वस्त आणि वापरायला सोपे असेल.' या वाक्याची अडचण अशी की ते कधीच खोटे ठरू शकत नाही. भोंगा वाजला की टाळ्या मिळतात, पण तो योग्य वेळी वाजला का, हे कोणीच सांगू शकत नाही. आणि त्या भोंग्यावर विसंबून उन्हात उभा राहणारा माणूस खरा असतो. म्हणून सोल्डरिंग सुरू करण्याआधी काय लिहायचे, ते याच उदाहरणावरून पाहू.

आधी, नेमके काय मोजायचे?

डब्ल्यूबीजीटी तीन तापमानांतून निघतो:

```
WBGT = 0.7*Tw + 0.2*Tg + 0.1*Ta
```

`Tw` म्हणजे ओले कापड गुंडाळलेल्या, उघड्या वाऱ्याउन्हात ठेवलेल्या तापमापकाचे तापमान. `Tg` म्हणजे काळ्या रंगाच्या पोकळ गोळ्याच्या आतले आणि `Ta` म्हणजे सावलीतल्या हवेचे. आता दोन दिवस कल्पून पाहा. कोरड्या दुपारी हवा ४२, गोळा ५५ आणि ओले कापड २३ अंशांवर आहे. उत्तर येते ३१.३, म्हणजे मर्यादेच्या आत. दमट सकाळी हवा फक्त ३५, गोळा ४० आणि ओले कापड ३०.५ अंशांवर आहे. उत्तर ३२.८५, म्हणजे काम बंद! साधा तापमापक इथे उलटाच सल्ला देईल.

यातून पहिला निकष मिळतो. १० ते ३:३० काम बंदच असते, तेव्हा यंत्राची खरी गरज सकाळी १० च्या आधी आणि ३:३० च्या नंतर आहे. म्हणून लिहायचे: 'पहाटे ५ ते सकाळी १० असे सलग ५ तास, मध्ये पाणी न घालता, ओले कापड ओले राहील.' कापड सुकले की `Tw` चढून `Ta` च्या जवळ जाते आणि भोंगा उगाच वाजू लागतो. हे ओळखणे सोपे आहे. हवा कोरडी असतानाही दोन्ही आकडे जवळपास सारखे दिसू लागले, तर आधी पाण्याची डबी तपासा.

'अचूक' म्हणजे किती?

हा आकडा मनाने टाकायचा नाही, तो सेन्सरवरून काढायचा. धरून चला की ओल्या कापडाचा सेन्सर ०.५ अंशाने चुकू शकतो आणि बाकीचे दोन १ अंशाने. प्रत्येक चूक आपापल्या गुणकाने गुणा: ०.३५, ०.२ आणि ०.१. तिन्ही चुका एकाच बाजूला झाल्या तरी बेरीज ०.६५. म्हणजे 'चूक १ अंशाच्या आत' असे वचन देता येईल. '०.२ च्या आत' असे लिहिले असते, तर सुटे भाग विकत घेण्याआधीच प्रकल्प नापास झाला असता, आणि ते कळले असते परीक्षकांसमोर.

आता ताडून कशाशी पाहणार? हातात धरायचे एखादे मीटर उसने आणले आणि तेच १ अंशाने चुकत असेल, तर दोघांत फरक दिसल्यावर चूक कोणाची हे ठरवता येत नाही. नियम सोपा आहे: दिलेल्या वचनातून संदर्भ-उपकरणाची चूक वजा करा, उरेल तेवढाच फरक चालेल. इथे १ वजा १, म्हणजे शून्य. अशी चाचणी कोणतेच यंत्र पास होणार नाही. त्याऐवजी प्रयोगशाळेतले, ०.३ अंशापर्यंत खात्रीचे तीन तापमापक घ्या. गुणकांची बेरीज १ असल्यामुळे त्यांच्यावरून काढलेल्या निर्देशांकातही तापमापकांमुळे ०.३ हून जास्त चूक येत नाही. मग १ वजा ०.३, म्हणजे फरक ०.७ च्या आत असेल तर पास.

संदर्भासाठी गोळा मात्र प्रमाणित, १५० मिलिमीटर व्यासाचा हवा. मुले अनेकदा टेबल टेनिसचा चेंडू काळा रंगवून वापरतात. लहान गोळ्यावर वाऱ्याचा परिणाम जास्त होतो, त्यामुळे उन्हात तो कमी तापमान दाखवतो. म्हणजे चूक नेमकी धोक्याच्या बाजूला जाते. शिवाय मोठा गोळा स्थिर व्हायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात, त्याआधीची नोंद धरायची नाही.

भोंगा कुठे वाजवायचा?

यंत्र १ अंश कमी दाखवू शकते, हे मान्य केले तर भोंगा ३२.१ वर लावून चालणार नाही, तो ३१.१ वर लावावा लागेल. याची किंमत अशी की खरा निर्देशांक ३०.१ असतानाही तो कधी कधी वाजेल. खोटा भोंगा वाजला तर काम थोडे खोळंबते, न वाजला तर माणूस कोसळू शकतो. यातले काय पत्करायचे हा निर्णय आकडे हाती येण्याआधीच लिहून ठेवायचा असतो.

चाचणी योजना

एवढे झाले की योजना एका पानात मावते:

- यंत्र आणि संदर्भ-उपकरण गच्चीवर शेजारी शेजारी, एकाच उंचीवर. ३० मिनिटे थांबून नोंदी सुरू. नोंदी यंत्रानेच साठवायच्या, मुलांनी उन्हात उभे राहायचे नाही.
- किमान ५ वेगवेगळ्या दिवशी, सकाळी १० च्या आधी किंवा ३:३० नंतर, एकूण ४० नोंदी. त्यांपैकी किमान २० नोंदींच्या वेळी संदर्भ-निर्देशांक ३२.१ च्या वर.
- पास: चाळीसही नोंदींत फरक ०.७ च्या आत, ३२.१ च्या वर एकदाही भोंगा चुकलेला नाही, आणि पाणी ५ तास पुरले. यांपैकी एकही अट मोडली तर नापास.
- नोंद रद्द करण्याची कारणे आधीच लिहिलेली: वायर निघणे, संदर्भाचे कापड सुकणे. 'आकडा विचित्र वाटला' हे कारण नाही.

दुसऱ्या मुद्द्यातली अट सगळ्यात जास्त मोडली जाते. प्रदर्शन जानेवारीत असते आणि तेव्हा दोह्यात निर्देशांक ३२ च्या आसपासही जात नाही. जानेवारीतल्या शंभर अचूक नोंदी भोंग्याबद्दल काहीच सिद्ध करत नाहीत. म्हणून चाचणी सप्टेंबरमध्येच उरकायची आणि त्यासाठी यंत्र ऑगस्टअखेर तयार हवे. वेळापत्रक असे चाचणीवरून मागे मोजत ठरवायचे.

पाच दिवसांचा आग्रह अशासाठी की एकाच सकाळी दर मिनिटाला घेतलेल्या वीस नोंदी म्हणजे एकाच हवेचे वीस फोटो. आणि वीसपैकी वीस वेळा भोंगा वाजला, नोंदी खरोखर एकमेकींपासून स्वतंत्र होत्या असे मानले, तरी ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की चुकण्याचे प्रमाण सुमारे १४ टक्क्यांहून कमी आहे. ते ५ टक्क्यांखाली आहे असा दावा करायचा तर ५९ पैकी ५९ लागतात. निष्कर्षात जेवढे सिद्ध झाले तेवढेच लिहा.

या पानावर तारीख घाला आणि पहिला सेन्सर जोडण्याआधी शिक्षकांची सही घ्या. पुढे निकष बदलावा लागला तर जुना खोडू नका. खाली नवी तारीख आणि कारण लिहून चाचणी पुन्हा करा. फरक ०.९ आला आणि यंत्र नापास झाले, तरी अहवालात 'फरक ०.९, बहुधा लहान गोळ्यामुळे' असे लिहिता येते. पुढच्या वर्षीच्या गटाला सुरुवात कुठून करायची, ते त्या एका ओळीतून कळते.