खबर ग्रुपवर, आकडे फाईलमध्ये

बाळा, नातेवाइकांच्या ग्रुपवर काय टाकायचं हे ठरवण्याआधी तुझ्या सासऱ्यांना विचार. अँजिओप्लास्टी बहुतेक वेळा नुसती जागा बधिर करून होते, त्यामुळे माणूस बोलता असतो, त्याला सगळं कळत असतं. शिवाय ते स्वतः त्या ग्रुपमध्ये आहेत. आयसीयूतून वॉर्डात आले की फोन हातात घेणार आणि आपल्याबद्दल कोण काय बोललं ते वरपासून वाचणार. आपल्या छातीतलं दुखणं आपल्या आधी सांगलीच्या चुलत साडूला कळलं, हे वाचून कुणालाही वाईट वाटेल.

विचारताना "ग्रुपवर सांगू ना?" एवढंच विचारू नकोस. थकलेला माणूस मान हलवतो आणि त्याचा अर्थ आपण आपल्याला हवा तसा लावतो. सुटं सुटं विचार. आजाराचं नाव सांगू का? हॉस्पिटल कोणतं ते सांगू का? कुणाला कळू नये असं वाटतं का? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. कुणाचा धंद्यात भागीदार ग्रुपमध्ये असतो, कुणाच्या घरी सोयरिकीची बोलणी चाललेली असतात. त्यांची कारणं त्यांना ठाऊक. आपण फक्त पाळायचं. ते बोलण्याच्या अवस्थेत नसतील तर सासूबाई, मग तुझा नवरा आणि नणंद, या क्रमाने. तू सून आहेस. मेसेज तुझ्या फोनवरून गेला तरी आधी सासूबाईंना वाचून दाखव आणि त्या म्हणतील तो शब्द बदल. त्यात तुझा कमीपणा नाही, उलट पुढे कुणी "हे का टाकलंस?" म्हणालं तर त्याच तुझ्या बाजूने बोलतील.

मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या मेट्रन एक कसोटी सांगायच्या. बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांना सांगताना मनात विचार करायचा, हे कळल्यावर या माणसाच्या हातून काही वेगळं घडणार आहे का? घडणार असेल तर नीट, दोनदा सांगायचं. घडणार नसेल तर ते फाईलमध्ये राहू द्यायचं. तेव्हा मोबाईल नव्हते, पण कसोटी आजही जशीच्या तशी चालते. तुझ्या सासऱ्यांच्या बाबतीत ती कशी लावायची ते सांगते.

त्यांना हार्ट अटॅक आला, एका रक्तवाहिनीत स्टेंट बसवली, दुसऱ्या दिवशी एको झाला. त्यात 'इजेक्शन फ्रॅक्शन ३५ टक्के' असं लिहिलंय. डाव्या कप्प्यात जेवढं रक्त भरतं त्यातलं किती एका ठोक्यात बाहेर पडतं, तो हा आकडा. निरोगी माणसातही तो शंभर नसतो, साधारण ५५ ते ७० असतो. हे डॉक्टरांना माहीत आहे, ग्रुपला नाही. ग्रुप तो परीक्षेच्या गुणांसारखा वाचतो. "हृदय फक्त पस्तीस टक्के चालू आहे" अशी बातमी तासाभरात सासूबाईंपर्यंत पोचते. आणि हा आकडा दुसऱ्या दिवसाचा आहे, हेही महत्त्वाचं. अटॅकनंतर हृदयाच्या स्नायूचा काही भाग जिवंत असूनही काही दिवस सुन्न पडलेला असतो. रक्तपुरवठा वेळेत परत सुरू झाला तर तो आठवड्यांच्या हिशोबाने कामाला लागतो. म्हणून डॉक्टर दीड ते तीन महिन्यांनी एको पुन्हा करायला सांगतात आणि पुढचं बरंचसं त्या दुसऱ्या आकड्यावर ठरवतात. तो सुधारेलच अशी खात्री कुणी देऊ शकत नाही. पण पहिला आकडा ग्रुपवर गेला तर तोच कायमचा चिकटतो. पुढे पन्नास आला तरी लग्नकार्यात लोक त्यांच्या हातून खुर्ची काढून घेतात.

क्रिएटिनिनचंही तसंच. त्यांना मधुमेह आहे. अँजिओग्राफीत जे औषध रक्तवाहिन्यांत सोडतात त्याने अशा माणसाच्या किडनीवर ताण येऊ शकतो. दोन-तीन दिवसांत क्रिएटिनिन वाढतं आणि बहुतेकांचं आठवड्या-दहा दिवसांत खाली येतं. समजा १.१ चं १.८ झालं. डॉक्टर लघवी मोजतील, सलाईन आणि औषधांचा हिशोब बदलतील, रोज रक्त तपासतील. तू १.८ ग्रुपवर टाकलंस तर दुपारपर्यंत तीन जणांचे काढे आणि कुणाच्या तरी शेजाऱ्याच्या डायलिसिसची कथा येईल.

पण त्याच क्रिएटिनिनमधली एक गोष्ट ग्रुपला सांगायलाच हवी. आपल्याकडे भेटायला येणारा हातात शहाळं घेऊन येतो. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. किडनी मंदावली की ते शरीरात साठतं, आणि हृदयाच्या काही नेहमीच्या गोळ्यांनीही ते वाढतं. पोटॅशियम फार वाढलं की ठोक्यांची लय बिघडते. हे इथे खरोखर धोक्याचं आहे आणि आणणारा प्रेमाने आणत असतो. म्हणजे आकडा सांगायचा नाही, पण शहाळं, मोसंबीचा रस आणू नका हे ठळक सांगायचं. मेट्रनची कसोटी ती हीच.

मग मेसेज असा होतो: "बाबांची प्रकृती स्थिर आहे. हृदयाच्या एका रक्तवाहिनीतला अडथळा काल अँजिओप्लास्टी करून काढला. दोन-तीन दिवस आयसीयूत देखरेखीखाली राहतील. सध्या भेट बंद आहे, वॉर्डात आणल्यावर वेळ कळवू. पथ्याचं जेवण हॉस्पिटलमधूनच मिळतं, बाहेरून काही आणू नका, शहाळं आणि फळांचा रसही नको. आईला विश्रांती हवी आहे, तिला फोन न करता मला मेसेज करा. पुढची खबर उद्या रात्री साडेआठला."

या शेवटच्या ओळीने निम्मे फोन थांबतात. लोकांना तपशील हवा असतो असं नाही, पुन्हा कधी कळेल ते हवं असतं. ती वेळ पाळ. सांगण्यासारखं नवीन काही नसलं तरी "कालच्यासारखीच प्रकृती" एवढं लिही, नाहीतर गप्प बसल्याचा अर्थ लोक वाईट लावतात. संध्याकाळचा राउंड होऊन डॉक्टरांशी बोलणं झालेलं असतं म्हणून रात्रीची वेळ बरी, आणि तुझ्या नणंदेकडे न्यू जर्सीत तेव्हा सकाळचे दहा-अकरा वाजलेले असतात. सकाळी लॅबचा रिपोर्ट आला म्हणून लगेच काही टाकू नकोस. तो डॉक्टरांनी अजून पाहिलेला नसतो.

शब्द जपून वापर. "धोका टळला" हे डॉक्टर म्हणाले तरच लिही. स्थिर म्हणजे धोका टळला असं नाही, एवढंच की तासागणिक बिघडत नाहीये. फुप्फुसात पाणी झालं आणि नाकातोंडावर मास्क लावून दाबाने हवा देऊ लागले तर "श्वासाला मदत म्हणून मास्क लावला आहे" असं लिही. कुणीतरी त्याला व्हेंटिलेटर म्हणेल. घशात नळी घालून लावतात तो वेगळा, आणि ऐकणाऱ्याला त्या शब्दाने शेवटच दिसतो.

रिपोर्टचा फोटो मात्र कधीच टाकू नकोस, एकही पान नको. वर नाव, वय, नोंदणी क्रमांक, बऱ्याचदा मोबाईल नंबर असतो. आणि आत काय असतं ते आपण घाईत वाचत नाही. अशा उपचाराआधी रक्ताच्या ज्या तपासण्या करतात त्यांत एचआयव्ही आणि कावीळ बी, सी यांचे निकाल असतात. डॉक्टरांनी घेतलेल्या माहितीत तंबाखू, दारू, मनाच्या आजाराच्या गोळ्या असं सगळं लिहिलेलं असतं, आणि ते माणसाने फक्त डॉक्टरांना सांगितलेलं असतं. विश्वासाने कळलेली एचआयव्हीची स्थिती त्या माणसाच्या संमतीशिवाय दुसऱ्याला सांगायला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. नंतर मेसेज काढून टाकलास तरी ज्याच्या फोनमध्ये फोटो उतरला त्याच्याकडे तो राहतो. नळ्या लावलेल्या माणसाचा फोटोही नको. तो आपल्याला आयुष्यभर कसा आठवावा हे ठरवायचा हक्क त्याचा आहे.

सगळे कागद ज्यांना दिसले पाहिजेत असेही थोडे लोक असतात. तुझा नवरा, नणंद, सासूबाई, आणि नात्यातला एक डॉक्टर. एकच. दोन डॉक्टर झाले की दोन मतं होतात आणि सासूबाई मध्ये सापडतात. यांचा वेगळा छोटा ग्रुप कर, पूर्ण रिपोर्ट तिथेच पाठव, निर्णय तिथेच घ्या. मोठ्या ग्रुपवर कुणी "ईएफ किती आला?" असं विचारलंच तर उत्तर तयार ठेव: "आकडे डॉक्टरांकडे आहेत, त्यांच्या सल्ल्याने उपचार चालू आहेत, काळजी वाटते म्हणून विचारलंत, बरं वाटलं." त्यावर वाद घालू नकोस.

काही गोष्टी ज्याच्या त्याला फोनवरच सांगायच्या. सासऱ्यांच्या सख्ख्या भावा-बहिणींना सांग की तुम्हीही साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल तपासून घ्या, कारण हा आजार घराण्यात चालतो. कधी घरात कुणाला फुप्फुसाचा टीबी निघाला तर त्याच घरात राहणाऱ्यांना कळलंच पाहिजे, त्यांची तपासणी व्हायला हवी. पण परभणीच्या मामेभावाला त्याचं कारण नाही. आणि तब्येत अचानक खालावली तर ग्रुपवर काही जायच्या आधी नणंदेला, सासऱ्यांच्या भावांना फोन गेले पाहिजेत. आता, अजून काही झालेलं नसतानाच, त्या नावांची यादी क्रमाने लिहून तुझ्या नवऱ्याकडे ठेव. त्या घडीला क्रम सुचत नाही.

कधी रक्त लागलं तर त्या मेसेजमध्ये रक्तगट, रक्तपेढी, एक फोन नंबर आणि तारीख-वेळ लिही. आजार लिहिण्याची गरज नाही. असे मेसेज आठवडाभर फिरत राहतात, म्हणून गरज भागली की त्याच मेसेजखाली तसं लिही.

डिस्चार्ज झाला की एकच मेसेज पुरे: घरी आलो, पहिले पंधरा दिवस संध्याकाळी पाच ते सहा भेट, एका वेळी दोघं, सर्दी-ताप असेल तर बरे झाल्यावर या. डिस्चार्ज कार्डावरच्या गोळ्यांची नावं लिहू नकोस. ग्रुपमध्ये आणखी दोघांना स्टेंट आहे. ते आपल्या गोळ्यांशी ताडून बघतील आणि एखादा आपली रक्त पातळ ठेवणारी गोळी बंद करून बसेल. त्या गोळीत खंड पडला तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. कुणी गोळीबद्दल विचारलं तर त्याला त्याच्या डॉक्टरांकडेच पाठव.