काकूंच्या जिभेसाठी लिहिताना

चि. सायली,


तुझ्या माहितीपटाची संहिता मिळाली, दोनदा वाचली. मजकूर नेमका आहे. पण तो तू डोळ्यांसाठी लिहिला आहेस आणि निवेदन करणार आहेत मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्ष काकू. त्यांचा आवाज खणखणीत आहे असं तू लिहितेस, म्हणजे निवड चांगली झाली. मात्र त्या काही आकाशवाणीवर घडलेल्या नाहीत. सराव करून घेऊन त्यांची जीभ वळवायला तुझ्याकडे वेळ नाही. तेव्हा वळवायचं ते वाक्य.

पहिल्याच पानावरचं हे घे:

‘मत्स्यव्यवसाय विभागाच्या निर्देशांनुसार राज्याच्या सागरी क्षेत्रामध्ये ६१ दिवसांच्या बंदीच्या कालावधीत यंत्रचलित व यांत्रिकी नौकांच्या मासेमारीस प्रतिबंध असून मत्स्यप्रजननाच्या दृष्टीने ही बंदी अत्यंत वैशिष्ट्यपूर्ण आहे.’

हे मोठ्याने वाच. तू अडखळणार नाहीस, कारण ते तूच लिहिलं आहेस. म्हणून स्वतः वाचून पाहण्याला फारसा अर्थ नसतो. ज्याने कागद पाहिलेला नाही अशा कुणाला तरी वाचायला दे, आणि पान सुरुवातीपासून वाचू दे, सुटं वाक्य नको. ऐकताना तू फक्त अडखळण्याची वाट पाहत बसू नकोस. बहुतेक वेळा माणूस अडखळत नाही, तो अवघड शब्दाच्या आधीच सावध होतो. वेग मंदावतो, नको तिथे श्वास घेतला जातो, किंवा ‘वैशिष्ट्य’मधला य गिळला जाऊन ‘वैशिष्ट’ एवढंच बाहेर पडतं. पेन्सिलीची खूण अशा प्रत्येक ठिकाणी कर. रेकॉर्डिंगच्या दिवशी जीभ घसरायची ती या खुणांच्या आसपासच.

आता या वाक्यात दोष कुणाचा? तू म्हणशील, ‘मत्स्यव्यवसाय’चा. त्स्य आणि त्याला खेटून व्य, मध्ये उसंत नाही, आणि दोन्हीकडे य. शब्द अवघड आहे हे खरं, पण एकटा असता तर काकूंनी तो सहज म्हटला असता. खरा त्रास आहे तो ‘च्या’चा. विभागाच्या, राज्याच्या, दिवसांच्या, बंदीच्या, नौकांच्या, प्रजननाच्या. एका वाक्यात सहा. सरकारी मराठीची ही जुनी खोड, आणि छापील कागदावर ती दिसतही नाही. बोलताना मात्र तिसऱ्या-चौथ्या ‘च्या’ला जीभ आपोआप पुढच्या ‘च्या’ची तयारी करू लागते आणि मधला शब्द चिरडला जातो. शिवाय प्रत्येक ‘च्या’ म्हणजे वाक्य अजून संपलेलं नाही, म्हणजे नवा श्वास घेता येत नाही. ‘वैशिष्ट्यपूर्ण’पर्यंत पोचेतो काकूंच्या छातीत हवाच उरणार नाही, आणि तेवढ्यात ‘ष्ट्य’ समोर येणार.

म्हणून आधी साखळी तोड, मग जोडाक्षरांकडे बघ. त्यातही बदलता येईल असं काय आणि बदलता येणार नाही असं काय, हे वेगळं काढ.

‘६१’ हा आकडा काकू एकसष्ट म्हणणार, आणि त्या ‘ष्ट’नंतर लगेच ‘दिवसांच्या’ येणार. पण आपल्याकडची पावसाळी बंदी १ जून ते ३१ जुलै असते. तीस आणि एकतीस मिळून एकसष्ट. म्हणजे ‘जून आणि जुलै, हे दोन्ही महिने’ असं म्हटलं तर एक दिवसही इकडचा तिकडे होत नाही, आणि ऐकणाऱ्याला उलट जास्त कळतं. ‘मत्स्यप्रजनन’ला कोळीवाड्यात कुणी ओळखत नाही, विणीचा हंगाम सगळ्यांना ठाऊक आहे. ‘अत्यंत वैशिष्ट्यपूर्ण’ काढून टाक, त्याने काही सांगितलेलं नाही.

‘यंत्रचलित व यांत्रिकी नौका’पाशी मात्र जपून. इथे घाईत नुसतं ‘होड्या’ लिहिण्याचा मोह होईल. तसं केलंस तर वल्ह्याची नाहीतर शिडाची होडी घेऊन खाडीत जाणाऱ्याला वाटेल की बंदी त्यालाही आहे. प्रत्यक्षात बिनयंत्राच्या पारंपरिक होड्या तिच्यातून वगळलेल्या आहेत. ‘इंजिनावर चालणाऱ्या होड्या’ म्हटलंस तर दोन्ही सरकारी प्रकार त्यात येतात आणि जिभेलाही त्रास नाही. वाक्य सोपं करताना अर्थ सैल झाला नाही ना, हे नियम जाणणाऱ्या माणसाकडून एकदा तपासून घे.

राहिलं विभागाचं नाव. ते बदलायचं नाही. पण त्याची जागा बदलता येते. अवघड शब्द वाक्याच्या शेवटी ठेवू नये, तिथे श्वास संपलेला असतो. पूर्णविरामानंतर लगेच, ताज्या श्वासावर ठेव आणि त्याच्या मागे साधे शब्द येऊ देत. मी असं लिहिलं असतं:

‘जून आणि जुलै म्हणजे माशांच्या विणीचा हंगाम. हे दोन्ही महिने इंजिनावर चालणाऱ्या होड्या मासेमारीला जात नाहीत. मत्स्यव्यवसाय विभाग दरवर्षी ही बंदी घालतो.’

‘च्या’ एकच उरला. काकूंच्या प्रतीत ‘मत्स्य व्यवसाय’ असे दोन शब्द मोकळे लिही, म्हणजे मध्ये किंचित थांबा मिळेल. पडद्यावरच्या अक्षरांत शब्द एकसंधच राहू दे. जुना आणि नवा, दोन्ही मजकूर घड्याळ लावून वाच. तुकड्यांमध्ये थांबे वाढतात, आणि चित्रं आधीच कापून ठेवली असतील तर दोन सेकंदही नडतात.

दुसऱ्या पानावर आणखी दोन जागा आहेत. ‘मच्छीमारांच्याच चाचणीच्या’ हे तर सर्कशीतलं काम झालं. ‘च्या’ला जीभ टाळूकडे जाते, जोर देणाऱ्या ‘च’ला दातांकडे येते, ‘चाचणी’साठी तिथेच राहते आणि पुन्हा ‘च्या’साठी मागे. ‘मच्छीमारांनी स्वतः घेतलेली चाचणी’ असं कर. दुसरी जागा ‘सात टक्के व्याज’. कागदावर निर्दोष. पण ‘सात’चा त आणि ‘टक्के’चा ट बोलताना एकमेकांना चिकटतात आणि ऐकणाऱ्याला ‘साठ टक्के’ ऐकू येतं. ही चूक स्टुडिओत कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण तिथे बसलेल्या सगळ्यांना खरा आकडा माहीत असतो. ‘शेकडा सात’ लिही. आणि काकूंच्या प्रतीत सगळे आकडे अक्षरांत लिही. ५९ आणि ६९ पाहून एकोणसाठ की एकोणसत्तर असा विचार माइकसमोर करायला लावू नकोस.

एवढं करूनही त्या दिवशी एखादं वाक्य अडेलच. एकाच जागी दोनदा अडलं तर तिसऱ्यांदा म्हणायला लावू नकोस. तिसऱ्या वेळी त्या शब्दाची भीती बसलेली असते आणि ती आवाजात उतरते. पेन्सिल घेऊन जा, तिथल्या तिथे शब्द बदल, आणि दुरुस्ती फक्त त्या शब्दापुरती न घेता मागच्या पूर्णविरामापासून पूर्ण वाक्य पुन्हा म्हणून घे. नाहीतर जोड लावताना आवाजाची चढण जुळत नाही आणि तो तुकडा कायम ठिगळासारखा ऐकू येतो. काकूंनी स्वतःहून एखादा शब्द फिरवला आणि अर्थ शाबूत असला, तर तोच ठेव. ‘मासेमारी’च्या जागी त्या काय म्हणतात ते मला कळव.

तिसऱ्या पानावरच्या शीतगृहाच्या परिच्छेदात मी खुणा केल्या आहेत, नवी वाक्यं मुद्दाम दिलेली नाहीत. ती तू लिही आणि रविवारी फोनवर वाचून दाखव. तुझ्या आईला वाचायला लावलंस तर आणखी चांगलं, तिला चष्म्याशिवाय ‘शीतगृह’ नीट दिसत नाही.

तुझी
मावशी