फोटोत न दिसलेले दोन मिलिमीटर

माझी स्विफ्ट पंधरा इंची टायरवाली. देवळीत बसून मोबाइलवर नागपूरच्या एका विक्रेत्याचा अलॉयचा फोटो पाहिला, तेव्हा चार भोकं आणि ‘१५’ एवढंच बघून पैसे पाठवले. मधली टोपी गायब होती. तेव्हाच खटकायला हवं होतं, कारण बिल्ला काढला की चाक कुठल्या गाडीचं ते कळायला बाकीच्या खुणा वाचाव्या लागतात.

एक खूण टायरवरच होती: 175/65 R15. माझ्या स्विफ्टचा टायर 185/65 R15. पहिला आकडा होंडा सिटीच्या काही मॉडेलांवर येतो. टायर बदललेलाही असू शकतो, म्हणून त्याला पुरावा नाही, संशय म्हणायचं. पण मी संशयही घेतला नाही.

पीसीडी म्हणजे बोल्टच्या भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. तो फोटोवरून काढता येतो. पंधरा इंच हे टायर बसतो त्या जागेचं माप. फोटोत दिसणारी कड त्याहून मोठी, साधारण 415 मिलिमीटर असते. मी मागाहून स्क्रीनवर पट्टी लावली, तर कडेपासून कडेपर्यंत 83 मिलिमीटर, समोरासमोरच्या भोकांच्या मध्यांत 20. म्हणजे 415 गुणिले 20 भागिले 83, बरोबर 100. चार भोकांत हे सोपं. पाच असली तर समोर भोकच नसतं, मग शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर घेऊन 0.588 ने भागायचं. फोटो मात्र अगदी समोरून काढलेला हवा. तिरपा असला की वर्तुळ चपटं होतं आणि हिशेब कोसळतो. शिवाय 98 आणि 100 यांतला फरक असा ओळखता येत नाही. फियाट पुंटो 98 ची, सिटी आणि स्विफ्ट दोन्ही 100 च्या.

म्हणून चाक बसलं, आणि तिथेच फसलो. वर्ध्याच्या रस्त्यावर ऐंशीला स्टिअरिंग थरथरलं. बॅलन्सिंग दोनदा केलं, फरक शून्य. शेवटी मिस्त्रीने चाक उतरवून मधल्या भोकावर बोट फिरवलं. “भाऊ, हे हबवर ढिलं बसते.” चाक सिटीचंच निघालं. सिटीचं भोक 56.1, स्विफ्टचं 54.1. त्यानं नटाची बैठकही दाखवली: होंडाची वाटीसारखी गोल, माझे नट निमुळते. टेकण्याची जागा केवळ एक बारीक चकचकीत रेघ! दोन नट हातानं फिरण्याइतके ढिले झाले होते.

मधलं अंतर रिंग टाकून भरता येतं, पण निमुळत्या नटांना गोल बैठक मानवत नाही. मी चाकं परत विकली, यावेळी सिटीवाल्याला.

आता कुणी फोटो पाठवला की मी आणखी दोन मागतो: मागच्या बाजूला ओतलेल्या `15x5 1/2J` सारख्या अक्षरांचा, आणि नटाच्या भोकाचा अगदी जवळून. मधल्या भोकाचं माप मात्र विक्रेत्याला कॅलिपर लावूनच घ्यायला सांगतो.