आभार मानताना मिक्सरवरचा माणूस उठवू नका

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात स्पीकर आणि मिक्सर भाड्याने येतात, पण चालवतात ते माजी विद्यार्थी, एखाद-दुसरे पालक आणि नववीची मुलं. कोणी एक पैसा घेत नाही. आभारप्रदर्शन आता माझ्याकडे असतं. त्याआधीची बरीच मी समोर बसून ऐकली आहेत.

एका वर्षी आभार मानणाऱ्या सरांनी मोठ्या मनाने जाहीर केलं, ‘‘साऊंडची सगळी टीम स्टेजवर या!’’ मुलं धावत आली. टाळ्या थांबेनात म्हणून मिक्सरवरचा दादाही उठला. सरांनी माईक एका मुलाच्या हातात दिला. त्याने लाजून माईकची जाळी मुठीत धरली आणि तो नेमका स्पीकरच्या पुढ्यात उभा राहिला. कर्कश शिट्टी सुरू झाली. स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये शिरला की तो वाढत जातो आणि शिट्टी वाजते. जाळी झाकली की माईक समोरच्याबरोबर आजूबाजूचा आवाजही घेऊ लागतो, म्हणून ती आणखी लवकर वाजते. आवाज खाली ओढायला मिक्सरवर कोणीच नव्हतं. दादा गर्दीतून मागे पोचेपर्यंत पुढच्या रांगेतल्या बालवाडीने कान झाकले होते. संध्याकाळभर मुलांनी सगळं नीट सांभाळलं होतं, आणि घरी जाताना लोक म्हणत होते, ‘साऊंडने घोळ केला.’

तेव्हापासून मी मिक्सरवरच्या माणसाला जागेवरून उठवत नाही. आभारानंतर ‘वंदे मातरम्’ असतंच, त्यासाठी तो तिथे लागतो. प्रेक्षकांनाच मागे वळायला सांगते. माईक माझ्याच हातात राहतो.

वेळेचंही भान हवं. खुल्या मैदानात रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक चालत नाही आणि आभार बहुधा पावणेदहाच्या पुढे येतात. त्यामुळे ध्वनिव्यवस्थेच्या वाट्याला मिनिटभरच येतं. त्या मिनिटात ‘प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष सहकार्य करणाऱ्या सर्वांचे’ म्हणून काहीच साधत नाही, कारण त्यात कोणालाच आपलं काम ऐकू येत नाही.

मग बोलायचं काय? ते रंगीत तालमीत सापडतं. अर्धा तास मिक्सरशेजारी खुर्ची टाकून बसा, मग विंगेतही डोकवा. यंदा मी विंगेत एक मुलगी पाहिली. नाटकात पात्रं सात आणि कॉलर माईक दोन. कोणत्या प्रवेशानंतर कोणाचा माईक कोणाला लावायचा, ते तिने पुठ्ठ्यावर पेन्सिलने लिहून ठेवलं होतं. मध्यंतरात ती माईकचे सेल बदलत होती. जुने संपले नव्हते. पण दुसऱ्या अंकात संपले तर काय, म्हणून. समोर बसून हे कधीच कळलं नसतं. यातलं काय सांगितलेलं चालेल, तेही त्यांनाच विचारा. प्रेक्षकांच्या लक्षातही न आलेली चूक ‘कशी सावरली’ म्हणून सांगायला गेलात, तर कौतुकाऐवजी चूकच लोकांच्या ध्यानात राहते.

यंदा मी बोलले ते असं:

‘‘एक मिनिट मागे वळून बघूया. त्या टेबलाशी बसलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्याने दुपारपासून जागा सोडलेली नाही. तिसरीच्या छोटीचा आवाज बारीक आहे, हे त्याने तालमीत हेरलं आणि आज तिचं वाक्य येण्याआधीच तिचा माईक वाढवला. म्हणून शेवटच्या रांगेतल्या आजींनाही ती ऐकू आली. नाटकातल्या सात जणांना दोन माईक पुरवणारी आपली नववीची विद्यार्थिनी विंगेत उभी आहे. तुमच्या पायाखाली एकही वायर आली नाही, कारण या पालकांनी भर उन्हात वायरी जमिनीला चिकटवल्या. दादा, तुम्ही बसूनच राहा, अजून ‘वंदे मातरम्’ व्हायचं आहे. शाळेच्या वतीने मी तुम्हा सर्वांचे मनापासून आभार मानते.’’

प्रत्येकाचं नाव मी त्याच्या कामाबरोबर घेतलं. इथे ती गाळली आहेत. नावं त्यांच्याकडूनच लिहून घ्या, आडनावाचा उच्चार चुकला तर सगळं फिकं पडतं. स्पीकर भाड्याने देणाऱ्यांचे आभार वेगळ्या वाक्यात माना, नाहीतर स्वयंसेवकही पैसे घेऊन आले होते असा लोकांचा समज होतो.

आणि जेवणाच्या समितीला आधीच सांगून यांची ताटं बाजूला काढून ठेवायला लावा. वायरी गुंडाळून सामान टेम्पोत चढेपर्यंत जेवण संपलेलं असतं.