लुन्दला निघालीस, तर एवढं ऐकून जा

अगं, ॲडमिशन मिळाल्याचं तू सगळ्यांना सांगितलंस, पण गावाचं नाव विचारलं की ‘स्वीडनमध्ये आहे कुठेतरी’ म्हणून विषय बदलतेस, हे आलंय माझ्या लक्षात. एल-यू-एन-डी. आपल्याकडे कुणी मोठ्याने वाचलं की समोरचा एकतर खोकतो, नाहीतर छताकडे बघतो. बँकेतल्या लोनच्या काउंटरवर तर विचारायलाच नको.

यावर उपाय आहे, आणि तो खोटा नाही. स्वीडिश माणूस त्या नावात ‘ड’ म्हणतच नाही, जीभ दातांना लावून ‘द’ म्हणतो. आधीचा उकारही नीट उमटू दे: लुन्द. बरोबर उच्चार केलास की शिवी आपोआप गळून पडते. त्यांच्या भाषेत लुन्द म्हणजे झाडांची राई. म्हणून लुन्दग्रेन, लुन्दबेर्य अशी आडनावं तिथे सर्रास भेटतील. वर्गात हजेरी ऐकताना चेहरा सरळ ठेवायची सवय आत्ताच कर.

आजीला सांगताना ‘माल्मोजवळचं लुन्द, 1666 सालची युनिव्हर्सिटी’ असं सांग. काकांना सांग, चाकणला ज्या टेट्रा पॅकचा कारखाना आहे ती कंपनी 1951मध्ये याच गावात सुरू झाली. पुढचा प्रश्न ते कंपनीबद्दलच विचारतील. कागदांवर मात्र लाजून स्पेलिंगशी खेळू नकोस. लोनच्या आणि व्हिसाच्या अर्जावर ॲडमिशन लेटरमध्ये आहे तेच, अक्षर न् अक्षर.

तिथे पोचल्यावर पाट्या दिसतील. ट्रेन शेवटच्या स्टेशनात शिरली की ‘स्लुट’ने सुरू होणारा शब्द येईल, दुकानात माल संपला की तोच. इंग्रजी डोळ्यांनी वाचलंस तर बाईला दिलेली शिवी, पण तिथे त्याचा अर्थ ‘शेवट’ किंवा ‘संपलं’, आणि उच्चार ‘स्लूत’. रस्त्यावर ‘फार्ट’ दिसेल, तो म्हणजे वेग. या पाट्यांचा फोटो प्रत्येक परदेशी विद्यार्थी काढतो. तूही एक काढ आणि विसरून जा. यात कुणाची अडचण होत नाही, कारण हसणारे आपणच असतो.

खरी गंमत उलट्या बाजूने होते, आणि ती कुणी आधी सांगत नाही. तुला कॉरिडॉरमध्ये खोली मिळाली तर किचन सगळ्यांचं एकच असेल. संध्याकाळी आईचा फोन येणार, आणि तू स्पीकर लावून ओरडणार, ‘हो गं, कुकर लावलाय!’ स्वीडिशमध्ये ‘कूक’ हा पुरुषाच्या अवयवाचा अगदी गावठी शब्द आहे, आणि ‘कूकर’ त्याचं अनेकवचन. त्यांचा उकार लांब, आपला आखूड. त्यामुळे भरभर बोलण्यात शब्द वाहून जातो. पण दुरून हेल काढून ‘कूऽकर’ म्हटलंस, की कांदा चिरणाऱ्या पोरीची सुरी थांबलीच म्हणून समज. घरच्यांशी बोलताना सरळ ‘भात लावलाय’ म्हण. भात काही कुकरवाचून अडत नाही.

याहून तिखट शब्द दुसरा आहे. कॉफीचे पैसे मैत्रिणीला परत केलेस की आपल्या तोंडात काय येतं? ‘चला, फिट्टंफाट!’ यातला पहिला तुकडा, ‘ट’वर जोर देऊन म्हटलेला, बाईच्या अवयवाच्या त्यांच्या सगळ्यात घाणेरड्या शब्दाला जवळजवळ चिकटतो. ‘कूक’वर कुणी हसेल, यावर कपाळाला आठी पडेल. ‘हिशेब चुकता’ म्हण, विषय मिटला.

‘काका’ मात्र बिनधास्त म्हण. तिथे ‘काका’ म्हणजे बिस्कीट किंवा केक, त्यामुळे व्हिडिओ कॉलवर काकांना हाक मारलीस तर फार तर कुणाला भूक लागेल. जर्मनीत सुट्टीला गेलीस तर आवाज जरा खाली ठेव. तिकडे लहान मुलं तोच शब्द शी लागल्यावर वापरतात.

पण म्हणून प्रत्येक शब्द चाचपत बोलायला लागू नकोस. ओघातलं मराठी कुणाला कळत नाही, कानात अडकतो तो एकटा, जोर देऊन उच्चारलेला शब्द. कुणी दचकून बघितलं, ओठ दाबून हसलं, तर माफी मागत सुटू नकोस. थेट विचार, ‘तुमच्याकडे याचा काही वेगळा अर्थ होतो का?’ स्वीडिश पोरी आधी लाल होतात, मग व्यवस्थित सांगतात. तिचं सांगून झालं, की तिच्या गावाचं नाव पुण्यात कसं ऐकू येतं ते तू तिला सांग. मग झालं दोघींचं फिट्टंफाट. फक्त तेवढं मनातल्या मनात म्हण.