लिंक माझ्या नावाने गेली

चवथ दहा दिवसांवर आली होती. घरच्या ग्रुपवर माटोळीला कोण काय आणणार याची बोलणी चालली होती. तुये, डिचोली, गिरगाव आणि दुबई मिळून आम्ही एक्केचाळीस जण त्या ग्रुपवर आहोत. दुपारी जेवून आडवा झालो असताना एका जुन्या सहकाऱ्याकडून एक लिंक आली. एका मोठ्या ऑनलाइन दुकानाचा म्हणे वर्धापनदिन, चार प्रश्नांची उत्तरे द्या आणि मोबाइल जिंका.

मी ती उघडली. पुरुष की स्त्री, वय किती, हे दुकान माहीत आहे का, सेवा कशी वाटते, असे प्रश्न होते. मग पडद्यावर नऊ खोकी आली आणि तीन संधी मिळाल्या. पहिले खोके रिकामे निघाले. दुसऱ्यात फोन निघाला आणि पडद्यावर रंगीत कागद उडाले. आता एकच अट उरली होती: पाच ग्रुपना किंवा वीस मित्रांना पाठवा, हिरवी पट्टी भरली की बक्षीस तुमचे. मी निवडलेला पहिला ग्रुप घरचाच होता. पट्टी भरली तेव्हा कसलेसे ॲप घ्यायला सांगू लागले. मला कंटाळा आला, मी पान बंद केले आणि विसरून गेलो.

संध्याकाळी डिचोलीहून मावसबहिणीचा फोन आला. ती रडतच म्हणाली, "दादा, तू धाडलंस म्हणून उघडलं."

तिच्याकडे शेवटचे पान वेगळे निघाले होते. फोन घरी पोचवायला एकोणपन्नास रुपये भरा, म्हणून कार्डाचा नंबर मागितला होता. ओटीपी आला, तिने तो टाकला. नंतर आम्ही तो मेसेज पुन्हा वाचला. त्यात रक्कम स्पष्ट लिहिली होती: ४,९९९ रुपये. तिची नजर फक्त सहा आकड्यांवर गेली होती. आपण सगळे ओटीपी असाच वाचतो, आकडे तेवढे उचलतो आणि किती रुपयांसाठी, कोणाला, हे सोडून देतो.

त्या रात्री भाच्याने सिम नसलेल्या एका जुन्या फोनवर ते पान उघडून दाखवले. (मौज म्हणून हे कोणी करू नये.) त्याने मुद्दाम वय सगळ्यांत कमी निवडले, सेवा वाईट म्हणून सांगितले. तरी पहिले खोके रिकामे आणि दुसऱ्यात फोन! पान पुन्हा उघडले, दुसऱ्या कोपऱ्यातले खोके निवडले, तरी तेच. नशिबाचा प्रश्नच नव्हता. पहिले रिकामे ठेवतात ते आपल्याला खेळ खरा वाटावा म्हणून. मग त्याने पाठवायचे बटण दाबले, व्हॉट्सॲप उघडले, पण कोणालाच न पाठवता तो मागे आला. हिरवी पट्टी तरीही पुढे सरकली होती. आपण कोणाला काय पाठवले हे त्या वेबसाइटला दिसतच नाही, ती फक्त बटणावरची बोटे मोजते.

खरी मेख त्या बटणातच आहे. आलेला मेसेज आपण नेहमीसारखा पुढे पाठवला की त्यावर बाण आणि 'फॉरवर्डेड' अशी खूण येते. पानावरचे बटण मात्र व्हॉट्सॲपमध्ये नवाच मेसेज तयार करून देते. त्यावर खूण नसते. म्हणून बहिणीला वाटले की मी स्वतः लिहून पाठवले आहे. चोरांना माझे पैसे मिळाले नाहीत, पण माझे नाव मिळाले, आणि त्या नावावर तिचे पैसे गेले.

हा सापळा जुनाच आहे. मार्च २०२१ मध्ये अशीच खोकी आणि असेच प्रश्न 'ॲमेझॉनची तीस वर्षे' म्हणून देशभर फिरले होते. कंपनी १९९४ची, म्हणजे तीस वर्षे व्हायला अजून तीन वर्षे होती. एप्रिल २०२२ मध्ये टपाल खात्याच्या नावाने प्रश्नमंजूषा आणि बक्षिसे फिरू लागली, तेव्हा अशी कोणतीही योजना नाही, हे खात्याला जाहीर करावे लागले. नाव बदलते, खोकी तीच राहतात.

दुसरी चूक मी सावध करताना केली. घाबरून ग्रुपवर लिहिले, "ही लिंक उघडू नका", आणि खाली तीच लिंक चिकटवली. गिरगावच्या काकांनी फक्त निळी ओळ पाहिली आणि तिच्यावर बोट ठेवले. इशाऱ्यातली लिंकही चालू लिंकच असते. दाखवायचेच असेल तर पानाचा फोटो काढून पाठवावा. जुना मेसेज 'सर्वांसाठी हटवा' वापरून काढून टाकावा. पाठवणाऱ्याला त्यासाठी साधारण दोन दिवस मिळतात, आणि ग्रुपचा ॲडमिन कोणाचाही मेसेज काढू शकतो.

शेवटी मी जे पाठवले ते असे होते:

"दुपारी माझ्या नावाने आलेली बक्षिसाची लिंक खोटी आहे. चूक माझी. मी ती काढली आहे. ज्यांनी पुढे पाठवली त्यांनीही काढावी आणि ज्यांना पाठवली त्यांना फोन करावा. फक्त उघडली असेल तर पान बंद करा. ॲप घेतले असेल तर इंटरनेट बंद करून ते काढा. कार्ड, ओटीपी किंवा पिन दिला असेल तर आधी बँकेला आणि १९३० ला फोन करा, मग मला. कोणी रागावणार नाही."

शेवटचे वाक्य बहिणीने सुचवले. रागावतील म्हणून तिने दोन तास कोणाला सांगितले नव्हते, आणि असे पैसे पहिल्या काही तासांतच एका खात्यातून दुसऱ्यात पळवले जातात. १९३० हा सायबर फसवणुकीसाठीचा देशभरचा नंबर आहे. तक्रार वेळेत गेली तर पैसे वाटेतच गोठवता येतात. तीच तक्रार `cybercrime.gov.in` वरही करता येते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७च्या नियमानुसार ओटीपी आपणच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपले, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणून फोन आधी करायचा, रडायचे नंतर. बहिणीचे कार्ड त्याच रात्री बंद झाले आणि पुढचे वाचले. गेलेले ४,९९९ रुपये मात्र अजून आलेले नाहीत.

भाच्याने पत्ता वाचायलाही शिकवले. समजा, पत्ता असा आहे:

```
https://indiapost.gov.in.bakshis.example/win
```

सुरुवातीला टपाल खात्याचे नाव दिसते, पण ते सजावटीपुरते. `https://` सोडून पुढची पहिली तिरकी रेघ शोधायची आणि तिच्या डावीकडचे शेवटचे दोन शब्द वाचायचे, शेवट `gov.in` किंवा `co.in` असा असेल तर तीन. इथे ते `bakshis.example` आहेत, म्हणजे पान त्यांचे. खात्याचा खरा पत्ता रेघेच्या आधी `indiapost.gov.in` इथेच संपतो. शेजारच्या कुलपाच्या चिन्हावर जाऊ नये, ते चोरांनाही मिळते.

काकांना हे जमणार नव्हते, म्हणून ग्रुपवर एक रीत पाडली. लिंक टाकणाऱ्याने वर स्वतःच्या शब्दांत एक ओळ लिहायची: हे काय आहे आणि मी का पाठवतो. ओळ नसेल तर फोन करून विचारायचे, "हे तूच लिहिलंस ना?" परवा मी पेडण्याच्या बाजाराचा व्हिडिओ नुसताच टाकला. मिनिटभरात डिचोलीहून फोन आला.