एका इंचाला किती वेळ? – शिवणकाम करणाऱ्या भगिनींसाठी अभ्यासपाठ



आपल्या शिवणवर्गातून शिकून गेलेल्या अनेक भगिनी आज पनवेल, कामोठे, कळंबोली या भागांत घरात किंवा जिन्याखालच्या एवढ्याशा गाळ्यात मशीन टाकून बसल्या आहेत. बहुतेकींचे काम ‘अल्टर’चे असते. पँट आखूड करा, कुर्त्याच्या बाह्या काढा, ब्लाउज उसवून सैल करा. हात सफाईदार असतो, गिऱ्हाईकही असते, पण महिन्याच्या शेवटी हातात फारसे उरत नाही. या पाठात आपण त्यातून वर येण्याचा एकच मार्ग नीट पाहू या. तो म्हणजे लग्नासमारंभाच्या साडीवरचे आरीकाम केलेले ब्लाउज. अंकातली जागा मर्यादित आहे, आणि सगळ्याच वाटा थोड्या थोड्या दाखवण्यापेक्षा ही एक पूर्ण चालून पाहणे मला बरे वाटते.

आधी अल्टरचा हिशेब करू. ठाकूरवाडीतून आलेल्या आमच्या एका ताईंना मी आठवडाभर वही ठेवायला सांगितली. सहा दिवसांत ३८ नग झाले, सरासरी ७० रुपये नगाला, म्हणजे २,६६० रुपये. रोजचे सात तास धरले तर ४२ तास. तासाला ६३ रुपये पडले, आणि त्यातून दोरा, वीज व जागेचे भाडे अजून जायचे होते. टाके घालायला वेळ फार लागत नव्हता. वेळ जात होता तो गिऱ्हाइकाशी बोलण्यात, जुनी शिवण उसवण्यात, त्या रंगाचा दोरा शोधण्यात आणि ‘जरा घालून बघते’ म्हणण्यात. हा वेळ अल्टरमधून कधीच कमी होत नाही, म्हणून नग वाढवून कमाई फारशी वाढत नाही.

त्या ताईंना आरीकाम येत होते. अड्ड्यावर, म्हणजे लाकडी चौकटीवर, कापड ताणून आकड्यासारख्या टोकाच्या आरीने साखळी टाका घालायचा आणि त्यातच जर, मोती, कटदाणा ओवायचा, हे काम त्यांनी चांगले आत्मसात केले होते. लग्नसराईत त्यांनी तशी ब्लाउजे करून दिली. साध्या अस्तराच्या ब्लाउजची शिलाई ४५० रुपये आणि ‘वर्कचे वरचे’ ५००, असे ९५० रुपये त्या घेत. ऐकायला मोठी रक्कम वाटते. पण आम्ही वेळ मोजला तेव्हा एका ब्लाउजला १३ तास लागत होते आणि ३५० रुपयांचे सामान. उरले ६००. तासाला ४६ रुपये! म्हणजे सुंदर, नाजूक, डोळे शिणवणारे काम करून त्या पँटी आखूड करण्यापेक्षा कमी कमावत होत्या. कशिद्याला शिलाईवरची ‘भर’ समजले की हे असेच होते.

मग भाव कसा ठरवायचा? इंचावर. नक्षीची एक पट्टी ठरवावी. समजा दोन बाजूंना जरीची साखळी आणि मधे मोत्यांची रांग, साधारण पाऊण इंच रुंद. ती पट्टी चिंधीवर सहा इंच काढावी आणि घड्याळ लावावे. हात बसलेल्या बाईला अशा पट्टीच्या एका इंचाला सुमारे दहा मिनिटे लागतात असे धरू. नवशिकीला पंधराही लागतील. ज्याने त्याने आपलाच आकडा वापरायचा.

आता ब्लाउज मोजू. मागचा गळा दहा इंच खोल, सहा इंच रुंद, खाली गोलाई. टेप त्याच्या कडेने फिरवला तर जवळपास २४ इंच भरतात. कोपरापर्यंतच्या बाह्यांचा घेर प्रत्येकी ११ इंच, दोन मिळून २२. पुढचा गळा पदराखाली झाकला जातो, तिथे नुसती पायपिंग. एकूण ४६ इंच, म्हणजे ४६० मिनिटे, पावणेआठ तासांच्या आसपास. नक्षी उतरवणे आणि कापड अड्ड्याला लावणे यासाठी सव्वा तास. कापणे, अस्तर, शिलाई, हूक यांना चार तास. झाले १३ तास. ताईंनी तासाचे ११० रुपये धरले. त्याचे १,४३० झाले, सामानाचे ३५० मिळवले, आणि मोती फुटणे, जर तुटणे, एखादी रांग पुन्हा घालावी लागणे यासाठी दहा टक्के. एकूण सुमारे १,९५०. काही न बिघडता काम उरकले तर सामान वजा जाता तासाला १२३ रुपये पडतात, म्हणजे अल्टरच्या जवळपास दुप्पट.

‘एवढे कोण देईल?’ हा प्रश्न ताईंनी लगेच विचारला, आणि तो रास्त आहे. संपूर्ण पाठभर भरगच्च काम हवे असेल तर मुंबईत जरीकामाचे कारखाने आहेत. तिथे एका अड्ड्याभोवती चार-चार कारागीर बसतात. त्यांच्या वेगाशी आणि भावाशी एकट्या बाईने झुंजू नये. संगणकावर चालणाऱ्या मशीनचा तयार गळाही बाजारात स्वस्त मिळतो, त्याच्याशीही नाही. एकटीची ताकद वेगळी आहे. कारखान्यातला कारागीर फक्त भरतो आणि शिंपी फक्त शिवतो. दोघांच्या मधे ब्लाउज बिघडतो. नक्षी गळ्याच्या शिवणीत जाते, एक बाही उंच आणि एक खाली दिसते, खांद्यावर मोती चिरडतात. मापही तीच घेते, भरतेही तीच आणि शिवतेही तीच, असे जिथे असते तिथे ही चूक टाळता येते. गिऱ्हाईक पैसे देते ते या बसण्याला.

म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा. पैठणीच्या पदरावरचा मोर, मुनिया किंवा असावलीची वेल पाहून त्यातलाच एखादा लहान आकार पट्टीत घ्यावा, म्हणजे ब्लाउज साडीचाच वाटतो. साडीसोबत ब्लाउजपीस एकच येतो, तो बिघडला तर तसाच दुसरा मिळत नाही. रेशमावर सुईची भोके उसवल्यावरही राहतात. तेव्हा आधी मांजरपाटाचा कच्चा ब्लाउज शिवून अंगावर घालून पाहावा. त्यावर गळ्याची खोली पक्की झाली की कागदी बेतणी करावी आणि ती न कापलेल्या कापडावर आखावी. कापण्याची रेघ वेगळी, शिवणीची रेघ वेगळी. कापायचे अजिबात नाही, कारण कापलेला तुकडा अड्ड्यावर ताणला की आडवातिडवा खेचला जातो.

नक्षी शिवणीच्या रेघेपासून एक-दोन दोरे आत सुरू व्हावी. खांद्याला, काखेला आणि बाहीच्या जोडाला मात्र अर्धा इंच जागा मोकळी सोडावी. शिवण झाल्यावर तिथले राहिलेले मोती हाताने सुईने लावून नक्षी जोडून घ्यायची. या अर्ध्या इंचाचा कंटाळा केला तर मशीनची सुई मोत्यावर पडते आणि तुटते, कधी तिचा तुकडा उडून डोळ्याकडेही येतो. मोत्यांच्या कडेने शिवताना एका बाजूचा फूट, म्हणजे चेन लावायचा, तोच वापरावा.

नक्षी उतरवायला बटर पेपरला बारीक भोके पाडून रॉकेलमध्ये कालवलेली पांढरी पावडर फिरवण्याची जुनी रीत आहे. रेशमावर ती आधी शिवणीत जाणाऱ्या कोपऱ्यात करून पाहावी, डाग राहू शकतो. कापड अड्ड्यावर ढोलकीच्या कातड्यासारखे ताठ हवे. ढिले राहिले तर उतरवल्यावर नक्षीभोवती चुण्या पडतात आणि इस्त्रीने त्या जात नाहीत. साखळी टाक्याची एक खोड लक्षात ठेवावी. शेवटचे टोक पक्के केले नाही तर ओढताच सगळी रांग भराभर उसवते. प्रत्येक रांग संपली की कापड उलटे करून टोक हलकेच ओढून पाहावे. सरकले तर गाठ पुन्हा.

भरून झाले की कापड उतरवून ठेवावे. ताण गेला की ते थोडे आकसते. मग कागदी बेतणी त्यावर पुन्हा ठेवून नवी रेघ आखावी, आणि तेव्हाच कात्री लावावी. बाजूच्या शिवणीत दीड इंच कापड आत सोडावे. शिंप्याच्या भाषेत यालाच मार्जिन म्हणतात, आणि इथे दोन्ही अर्थांनी ते खरे आहे. लग्न ठरल्यापासून लग्नापर्यंत मुलीचे माप बदलते. आत कापड असेल तर ब्लाउज अर्ध्या तासात सैल होतो. अल्टर करण्यात गेलेली वर्षे इथे कामाला येतात.

व्यवहारात दोन गोष्टी सोडू नयेत. कापड घेतानाच अर्धी रक्कम आगाऊ घ्यावी, आणि काढलेल्या नमुन्याच्या चिंधीवर गिऱ्हाइकाचा होकार घ्यावा. मोबाइलमधला फोटो दाखवून ‘असेच करा’ म्हटलेले काम बहुधा दहा तास जास्तीचे असते. त्याचे इंच मोजून नवा भाव सांगावा, नाहीतर पट्टी अरुंद करून द्यावी.

या कामाला मर्यादाही आहेत. आरीवर दिवसाला पाच-सहा तासांपेक्षा जास्त बसू नये, मान आणि डोळे धरतात. चाळिशीनंतर जवळचा चष्मा आधी करून घ्यावा. म्हणजे अल्टर सांभाळून आठवड्याला दोन ब्लाउज, फार तर तीन. तुळशीच्या लग्नानंतर मागणी येते आणि चातुर्मासात ओसरते. म्हणून अल्टरचा बोर्ड उतरवू नये. साडीला फॉल लावायला आलेली बाईच पुढे लग्नाचा ब्लाउज आणते. पावसाळ्याच्या मोकळ्या दिवसांत सहा-सहा इंचांच्या आठ-दहा पट्ट्या भरून ठेवाव्यात. प्रत्येकीच्या मागे चिकटपट्टीवर ‘इंचाला ८ मिनिटे’, ‘इंचाला १४ मिनिटे’ असे लिहावे. गिऱ्हाईक पुढून पाहते, आपण मागून.

आपल्यापैकी अनेकजण शिलाई मशीनसाठी देणगी देतात, त्याबद्दल आभार. ज्या भगिनीकडे मशीन आधीच आहे तिला दुसरे मशीन दिल्याने तिचा तासाचा भाव बदलत नाही. तिला लागते ते अड्ड्याची लाकडी चौकट, वाकवता येणारा पांढऱ्या उजेडाचा दिवा, आणि नमुन्यांसाठी तीन-चार मीटर कापड व मोत्यांची पाकिटे. आणि लग्नघरातून काम द्यायचे असेल तर साडी दीड महिना आधी पाठवावी. मांजरपाटाचा ब्लाउज घालून पाहायला मुलीला एकदा यावे लागते.